खड्डा होता की माणूस

नाशिकला पाथर्डी फाट्याच्या अलीकडे एक खड्डा होता. आता बुजवलाय. पण त्याचा आकार, डाव्या कडेला वर आलेली खडी, पाऊस पडला की त्यात साचणारं चहाच्या रंगाचं पाणी, हे सगळं मला अजून डोळे मिटून सांगता येईल, कारण २०१९ च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मी तो खड्डा बघायला सात वेळा परत गेले होते.

झालं काहीच नव्हतं. अंबड एमआयडीसीतल्या ऑफिसातून साडेसहाला निघाले, रोजचा वीस-पंचवीस मिनिटांचा रस्ता, अंगावर रेनकोट, स्कूटरच्या मागच्या चाकाला धाडकन दणका बसला आणि डोक्यात आलं, माणूस होता तर? बस, एवढंच. शंभर मीटर पुढे गेले असेन, आरशात बघितलं, नुसता अंधार आणि हेडलाइट्स, काही कळेना, म्हणून वळले. खड्डा बघितला, पाणी बघितलं, कोणी पडलेलं नाही हे पण बघितलं आणि निघाले. घराच्या वळणापर्यंत आले तर वाटलं, अरे पण गटाराच्या बाजूला बघितलंच नाही, उडून तिकडे पडला असेल तर? पुन्हा मागे. मग वाटलं आत्ता घाईघाईत वळताना कोणाला धक्का लागला नाही ना, म्हणजे आता तपासायला जातानाचा रस्ताही तपासायचा! घरी पोचले तेव्हा सव्वानऊ वाजले होते. नवऱ्याला सांगितलं, ऑडिट चालू आहे.

वाचताना हे वेडेपणाचं वाटत असेल तर सांगते, तेव्हा मलाही वाटत होतं. सहाव्या वेळी वळताना मला पक्कं माहीत होतं की हे वेडेपणाचं आहे, आणि तरीही हात वळत होते.

ओसीडी हा शब्द आपण फार स्वस्त करून टाकलाय. कोणी मसाल्याचे डबे एका रेषेत लावले की लगेच 'मला ना थोडं ओसीडी आहे', आणि ते सांगताना चेहऱ्यावर चक्क कौतुक असतं. ज्याला डबे नीट लावून छान वाटतं त्याला हा आजार नाही, त्याला टापटीप आवडते. आजारात छान काही वाटत नाही. नको असलेला एक विचार येऊन घट्ट चिकटतो, तो बहुतेकदा तुमच्या स्वभावाच्या बरोब्बर उलटा असतो, म्हणजे देवभोळ्या माणसाला देवाबद्दल घाणेरडे विचार, नवीन आईला बाळाला इजा करण्याचे, आणि माझ्यासारख्या चाळीसच्या वर गाडी न नेणाऱ्या बाईला माणूस चिरडल्याचे. याला ऑब्सेशन म्हणतात. त्यातून सुटायला आपण काहीतरी करतो, हात धुतो, कुलूप ओढून बघतो, मनात आकडे मोजतो, परत जाऊन खड्डा बघतो, ते कंपल्शन. दिवसातला तासाभराहून जास्त वेळ यात जायला लागला, किंवा यापायी काम आणि घर बिघडायला लागलं, की त्याला आजार म्हणायचं असा डॉक्टरांचा ढोबळ हिशोब असतो. माझा तेव्हा रोज तीन-साडेतीन तास जात होता.

पुढची तीन वर्षं मी हे लपवलं, आणि सांगते, लपवायला फार अक्कल लागते. आधी रस्ता बदलला. मग शाळा सुटायच्या वेळी निघणं टाळलं. मग पावसात रिक्षा. सकाळी पेपरची नाशिकची पानं उघडून अपघाताच्या सगळ्या बातम्या, अगदी तीन ओळींच्या सुद्धा, वेळ आणि ठिकाण बघत वाचायच्या. आणि संध्याकाळी नवऱ्याला हळूच विचारायचं, अरे, माणसाला गाडी लागली तर चालवणाऱ्याला कळतंच ना? तो म्हणायचा कळणार नाही होय, कळतंच. दहा मिनिटं बरं वाटायचं. मग पुन्हा, पण पाऊस असला तर? एकदा त्याने वैतागून मोजलं, एका संध्याकाळी बावीस वेळा. तेव्हा मात्र सगळं सांगावं लागलं.

ज्या पहिल्या डॉक्टरांकडे गेलो ते म्हणाले, जास्त विचार करू नका, मन रमवा. त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण विचार न करणं हे माझ्या हातात असतं तर मी फी भरायला कशाला गेले असते?

२०२२ मध्ये एका सायकियाट्रिस्टकडून एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पोचले, त्यांना इथे मॅडमच म्हणते. पहिल्या भेटीत त्यांनी वाय-बॉक्स नावाची प्रश्नावली भरून घेतली. दहा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार, पाच विचारांबद्दल आणि पाच कृतींबद्दल. वेळ किती जातो, त्रास किती होतो, थांबवायचा प्रयत्न करता का, थांबतं का, असं. चाळीसपैकी माझे सत्तावीस आले, चोवीसच्या पुढे गंभीर. शाळेत गणितात इतके कधी पडले नव्हते. मग त्यांनी एक वही करायला सांगितली. आठवडाभर काही बदलायचं नाही, फक्त लिहायचं, किती वाजता, काय झालं, डोक्यात काय आलं, मी काय केलं, किती मिनिटं गेली. ती वही मी अजून ठेवलीये. मंगळवारची एक ओळ अशी आहे: 'सकाळी ९.१०, स्पीडब्रेकर, म्हातारे बाबा असतील?, आरशात ४ वेळा, १ वेळा परत, १८ मि.'

पुढच्या आठवड्यात वही समोर ठेवून मॅडमनी विचारलं, यातला आजार कुठला? मी 'म्हातारे बाबा असतील?' या शब्दांवर बोट ठेवलं. त्यांनी माझं बोट उचलून 'आरशात ४ वेळा' वर ठेवलं.

सगळी ट्रीटमेंट तेवढ्यात होती असं मला आता वाटतं, पण तेव्हा टोटल डोक्यावरून गेलं. त्यांचं म्हणणं असं की असे विचार सगळ्यांनाच येतात. रॅकमन आणि डी सिल्वा या दोघांनी १९७८ मध्ये हे मांडलं होतं, की धडधाकट लोकांना पण असेच विचित्र विचार येतात, उंचावर उभं असताना उडी मारावी, कोणालातरी ढकलून द्यावं असले, आणि मजकुरावरून ते रुग्णाचे की बाकीच्यांचे हे सांगणं सोपं नसतं. फरक असा की बाकीच्यांना विचार येतो आणि जातो, आणि मी त्याला बसायला पाट मांडते. परत जाऊन खड्डा बघितला की जीव खाली पडतो, आणि ते बरं वाटणं हेच खतपाणी. मेंदू शिकतो की बघितलं म्हणून वाचलो, बघितलं नसतं तर काही खरं नव्हतं. म्हणजे पुढच्या वेळी धोका मोठा वाटणार आणि बघावंसं जास्त वाटणार.

मी म्हटलं, पण निदान बघितल्यावर खात्री तर होते ना. यावर त्यांनी जो प्रयोग सांगितला तो मी तेव्हापासून निदान वीस जणांना सांगितला असेल. नेदरलँड्समध्ये व्हॅन डेन हाउट आणि किंड्ट या दोन संशोधकांनी २००३ मध्ये, ओसीडी नसलेल्या साध्या विद्यार्थ्यांना कॉम्प्युटरवर एक खोटी गॅसची शेगडी दिली. बटणं फिरवायची, बंद करायची, आणि बंद झाली का तपासायचं. एका गटाने शेगडीच पुन्हा पुन्हा तपासली, वीस वेळा, दुसऱ्या गटाने मधल्या वेळात दिवे तपासले. शेवटी सगळ्यांना विचारलं, शेवटच्या वेळी शेगडीची कुठली बटणं तपासली होती? उत्तरं दोन्ही गटांची जवळपास सारखीच बरोबर होती. पण ज्यांनी शेगडी वीस वेळा तपासली होती त्यांना ते चित्र धूसर झालं होतं आणि स्वतःच्या आठवणीवर भरवसा उरला नव्हता. चांगल्या भल्या पोरांची ही गत! म्हणजे शंका येते म्हणून तपासतो हे अर्धंच खरं, तपासतो म्हणूनही शंका येते. त्या रात्री पहिल्या फेरीत मला खड्डा स्वच्छ दिसला होता. सातव्या फेरीनंतर विचारलं असतंत तर खड्डा होता की नव्हता हे पण सांगता आलं नसतं.

या उपचाराला ईआरपी म्हणतात, एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन. मराठीत कोणी नीट शब्द केला असेल तर मला माहीत नाही, मी आपलं 'भिडायचं आणि हात आवरायचा' असं म्हणते. सुरुवात लंडनमधल्या व्हिक्टर मायर यांच्यापासून मानतात. १९६६ मध्ये त्यांनी दोन रुग्णांबद्दल लिहिलं, त्यातली एक बाई सतत धूत-पुसत बसायची. तिला घाण वाटणाऱ्या वस्तू हाताळायला लावल्या आणि नर्सेस दिवसभर बरोबर राहून धुण्यापासून अडवायच्या, तिच्या खोलीतलं पाणीसुद्धा बंद केलं होतं. तोपर्यंत या आजाराचं काही होत नाही असाच समज होता. आता असं बळजबरीने करत नाहीत, मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं की मी तुम्हाला अडवणार नाही, अडवणाऱ्या तुम्हीच.

मग शिडी केली. कागदावर भीतीची शिडी, प्रत्येक पायरीला शून्य ते शंभर आकडा. सोसायटीच्या आतल्या स्पीडब्रेकरवरून जाणं आणि आरशात न बघणं, ३०. दिवसा मेन रोडवर खड्ड्यातून जाऊन परत न वळणं, ५०. शाळा सुटताना शाळेसमोरून हळू जाणं, ७०. पावसात अंधारात सर्व्हिस रोडने एकटीने घरी येणं, ९०. मला वाटलं होतं की आता काहीतरी भयंकर करायला लावतील, डोळे मिटून गाडी चालवा वगैरे. तसलं काही नसतं. शिडीवर तेवढंच असतं जे माझी शेजारीण रोज सकाळी डबा लटकवून करते.

आरशाचं मात्र वाजलं. मी म्हटलं आरशात बघायचंच नाही म्हणजे उद्या मागचा ट्रक घालेल अंगावर. (खरं सांगायचं तर मला एक पळवाट हवी होती.) मॅडमनी नियम घालून दिला: वळायच्या आधी, लेन बदलायच्या आधी, थांबायच्या आधी बघायचं, सगळे बघतात तसं. दणका बसल्यानंतर मागचं शोधायला नाही. पुढे जाण्यासाठी बघितलं तर ते ड्रायव्हिंग, मागे गेलेल्यासाठी बघितलं तर तो आजार. आरसा तोच.

पहिलं खरं सेशन सोसायटीतल्या स्पीडब्रेकरवर झालं आणि पार फसलं. मॅडम मागे बसल्या, मी स्पीडब्रेकरवरून गेले, दण्ण झालं, त्यांनी विचारलं किती? मी म्हटलं दहा. पुन्हा गेलो, पाच. मी खूश, म्हटलं एवढंच असतं होय. त्या उतरल्या आणि म्हणाल्या, समजा आत्ता कोणाला लागलं असतं तर कोणी सांगितलं असतं? मी म्हटलं, तुम्ही. 'मग ही भीती तुम्ही नाही, मी घेऊन फिरत होते.' पुढच्या फेरीला त्या कोपऱ्यावर जाऊन माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या, आणि मी एकटी गेले. पंचाहत्तर. शिडीवर तीस लिहिलेली पायरी!

त्यानंतर गाडी लावून आम्ही पार्किंगमधल्या कट्ट्यावर बसलो. मागे वळून बघायचं नाही, विचारायचं नाही. दर पाच मिनिटांनी त्या आकडा विचारायच्या आणि लिहायच्या. पंचाहत्तर, ऐंशी, ऐंशी, पंच्याऐंशी, मग बराच वेळ ऐंशीच. हात थंड, पोटात गोळा. मी म्हटलं, एवढं फक्त सांगा की कोणी नव्हतं. त्या म्हणाल्या, मी बघत नव्हते. असेलही, नसेलही. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला होता की काय सांगू. चाळीसाव्या मिनिटाला सत्तर, साठाव्याला पंचावन्न, आणि दीड तासाने पस्तीस. वॉचमनने दोनदा येऊन विचारलं, काही हरवलंय का मॅडम?

दुसऱ्या दिवशी तीच पायरी, घरचा अभ्यास म्हणून, एकटीने. पासष्टपासून सुरू. तिसऱ्या दिवशी पन्नास. आकडा उतरतो याला हॅबिच्युएशन म्हणतात, आणि पूर्वी सगळा भर त्यावरच असायचा. मॅडम म्हणायच्या की आकडा नाही उतरला तरी चालेल, ऐंशीवर असताना तुम्ही स्वयंपाक केलात का ते सांगा. अलीकडचा विचार साधारण असाच आहे, जुनी भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवीन काहीतरी शिकलं जातं, की शंका असताना पण जगता येतं आणि ज्याची वाट बघत होतो ते काही येत नाही. म्हणून त्या दर वेळी आधी लिहून घ्यायच्या, आज परत नाही वळलात तर काय होईल? मी लिहिलं होतं, 'रात्रभर झोप लागणार नाही आणि सकाळी मी ऑफिसला जाऊ शकणार नाही.' झोप साडेअकराला लागली. आणि सकाळी ऑफिसला गेले, लेट मार्क लागला तो वेगळ्या कारणाने.

तिसऱ्या आठवड्यात मी चिटिंग करताना पकडले गेले. मेन रोडच्या खड्ड्याला माझा आकडा ऐंशीवरून तीन मिनिटांत वीस व्हायला लागला होता आणि मला वाटत होतं की मी हुशार विद्यार्थिनी आहे. मॅडमनी वही बघून विचारलं, मनात काय करता? काही नाही म्हटलं. मग म्हटलं, काही विशेष नाही, फक्त 'खड्डा होता, खड्डा होता, खड्डा होता' असं म्हणते आणि फाट्यापासून घरापर्यंतचा रस्ता एकदा डोक्यात रिवाइंड करून बघते. म्हणजे गाडी वळवली नाही, पण मनातल्या मनात रोज परत जाऊन येत होते! बाहेरून कोणाला दिसत नाही, आणि करणाऱ्यालाही ते कंपल्शन वाटत नाही, आपण विचार करतोय असं वाटतं. त्यांना संशय दोन गोष्टींवरून आला. एक, भीती आपोआप उतरते तेव्हा ती आळसावल्यासारखी उतरते, अशी धपकन पडत नाही. दुसरं, दुसऱ्या दिवशी आकडा पुन्हा ऐंशीच होता. खरंच काही शिकले असते तर सुरुवात थोडी तरी खाली आली असती.

मनातला जप थांबवायचा कसा हा प्रश्नच होता, हात धरून ठेवता येतात, मन नाही. तर थांबवायचा नाही, नासवायचा. 'खड्डा होता' सुरू झालं की आपणच मागे जोडायचं, 'किंवा माणूस असेल, मला कळणार नाही.' पहिल्यांदा म्हणताना जीभ जड झाली, अभद्र बोलू नये हे आपल्या हाडीमाशी मुरलेलं. याचाच मोठा भाऊ म्हणजे स्क्रिप्ट. एक पानभर लिहायचं, वर्तमानकाळात, की मी खरंच कोणालातरी उडवलंय आणि मला कळलं नाही, पोलिस दारात येतात, सासूबाई दार उघडतात, आणि शेवट गोड करायचा नाही. ते स्वतःच्या आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड करून रोज अर्धा तास ऐकायचं. पहिल्या दिवशी रडले. नवव्या का दहाव्या दिवशी ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की मी मेथी निवडतेय आणि पोलिस दारात येऊन गेलेत, मला कळलंच नाही.

घरच्यांचा भाग सगळ्यात अवघड गेला, आणि तो माझ्यापेक्षा नवऱ्याला. मॅडमनी त्याला बोलावून सांगितलं, तुम्ही दिलेलं प्रत्येक 'नाही गं, काही झालं नाही' हे तिच्यासाठी परत जाऊन खड्डा बघण्यासारखंच आहे. तो बिचारा तीन वर्षं याला प्रेम समजत होता. एकदम बंद नाही केलं, आधी दिवसाला पाच उत्तरं, मग दोन, मग नाही. आमचं एक वाक्य ठरलं, 'याचं उत्तर द्यायचं नाही असं आपलं ठरलंय, चहा घेणार?' एका रात्री मी त्याच्यावर ओरडले, इतकी मोठ्याने की वरच्या मजल्यावरच्या काकू खाली आल्या, आणि तो शांतपणे चहा टाकायला गेला. नंतर बघितलं तर ओट्याला धरून उभा होता, हात थरथरत होते. सासूबाईंना समजावणं तर त्याहून कठीण, त्या म्हणायच्या, अरे पोरगी रडतेय आणि तुझ्या तोंडून एक शब्द निघत नाही? त्या लपून मला सांगायच्या, काही झालेलं नाही गं, मी गणपतीला सांगितलंय. मग मी रोज त्यांच्या खोलीत जायला लागले. तेही वहीत आलं.

आता औषधांचं. मी सर्ट्रालीन घेत होते आणि अजून थोड्या डोसवर आहे, ते लपवण्यासारखं नाही. ओसीडीला याच गोळ्या डिप्रेशनपेक्षा बऱ्याचदा जास्त डोसने लागतात आणि असर दिसायला आठ ते बारा आठवडे जातात, म्हणून पंधरा दिवसांत 'काही फरक नाही' म्हणून स्वतःच्या मनाने सोडू नयेत. अमेरिकेत एडना फोआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात ईआरपी सुरू केलेल्यांपैकी ६२ टक्के लोकांना चांगला फरक पडला, क्लोमिप्रामिन या गोळीने ४२ टक्के, दोन्ही मिळून ७० आणि नुसत्या खोट्या गोळीने ८. आकडे भारी आहेत, पण ६२ म्हणजे १०० नाही. काही जण पहिल्या दोन-तीन सेशननंतर येतच नाहीत, आणि पार्किंगच्या कट्ट्यावर दीड तास बसल्यानंतर मी त्यांना नावं ठेवणार नाही. शिवाय खरं ईआरपी करणारं माणूस मिळणं हेच कठीण. समोरचा जर दर वेळी तुमच्याशी बसून 'माणूस लागला असेल याची शक्यता किती' याचा हिशोब करत बसला तर ते ईआरपी नाही, तो महागातला नवरा झाला.

वीस सेशननंतर माझा स्कोर अकरा आला. शून्य नाही. २०२३ च्या पावसाळ्यात पुन्हा वर गेला, दोन आठवडे मी रिक्षाने जायला लागले होते, मग मीच शिडीचा कागद काढून चौथ्या पायरीपासून सुरू केलं.

आणि एक गंमत राहिली. गेल्या वर्षी जानेवारीत मला खरोखर धक्का लागला. सायकलवरचा मुलगा, बारा-तेरा वर्षांचा, गल्लीतून सुसाट आला आणि माझ्या पुढच्या चाकावर आदळला. हँडल हातातून हिसकलं गेलं, तो ओरडला, मी ओरडले, अर्ध्या मिनिटात पाणीपुरीवाल्यापासून सगळे जमा. गुडघा खरचटला होता, त्याच्या आईला फोन केला, डॉक्टरांकडे नेलं, टीटीचं इंजेक्शन, मुलगा माझ्याकडे बघून म्हणतो काकू सायकलची चेन पण पडलीये. घरी आल्यावर लक्षात आलं की या सगळ्यात मला एकदाही 'खरंच लागलं का?' असा प्रश्न पडला नव्हता.

मी धावत जाऊन मॅडमना फोन केला, म्हटलं आता कळलं, खरं लागतं तेव्हा शंका येत नाही, म्हणजे शंका आली की समजायचं लागलेलं नाही! फोनवर दोन सेकंद शांतता. मग त्या म्हणाल्या, 'वा, नवीन जप मिळाला वाटतं.' आणि मला त्या आठवड्याचा अभ्यास दिला: रोज खड्ड्यातून जायचं आणि म्हणायचं, 'आजचा अपवाद असू शकतो.'

काल संध्याकाळी पाऊस होता. सर्व्हिस रोडला कुठेतरी दणका बसला, मागच्या चाकाला, चांगला जोरात. काय होतं बघितलं नाही. घरी यायला पाऊण तास उशीर झाला, सासूबाईंनी दारातच विचारलं, कुठे होतीस गं इतका वेळ, आणि त्यांच्या आवाजात ती जुनी काळजी होती. मी पिशवी पुढे केली. गवार मिळत नव्हती, तीन गाड्यांवर भाव करत बसले होते.